फ्लॅटमधली खताची बादली: वास आणि चिलटांचं मूळ पाण्यात आहे

प्रश्न: छोट्या फ्लॅटमध्ये राहतो, घरात दोघंच आहोत. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा पहिले काही दिवस सगळं ठीक होतं, मग आठ-दहा दिवसांत बादलीला घाण वास यायला लागला, तळाशी काळं पाणी साचलं आणि घरभर चिलटं झाली. बाल्कनी नाही, खिडकीजवळ जेमतेम बादलीपुरती जागा आहे. वास आणि किडे न होता हे घरात जमेल का? आणि आमचं नक्की चुकतंय काय?

उत्तर:

जमेल. काय चुकतंय ते तळाशी साचलेल्या काळ्या पाण्यानेच सांगितलं आहे. बादलीत कचरा जास्त झाला नव्हता, पाणी जास्त झालं होतं. वास त्यातूनच आला, आणि चिलटांना राहायला जागाही त्यातूनच मिळाली.

भाजीची साल हाताला कोरडी लागली तरी तिच्या वजनात शंभरात पंचाऐंशीच्या आसपास भाग पाणीच असतं. साल ताजी असते तोवर हे पाणी तिच्या पेशींत कोंडलेलं राहतं, म्हणून पहिले चार-पाच दिवस बादली गुणी वाटते. मग पेशी फुटतात, पाणी बाहेर पडतं आणि सालींमधल्या फटी भरून टाकतं. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू याच फटींतून मिळत असतो. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत साधारण दहा हजार पटींनी हळू सरकतो, त्यामुळे फटी पाण्याने भरल्या की आतल्या भागाचा श्वास जवळजवळ बंदच होतो. प्राणवायू लागणारे जिवाणू मागे पडतात, त्याच्याशिवाय जगणारे जोर धरतात, आणि तुम्हाला आला तो वास या दुसऱ्या मंडळींचा. आठवडाभर ठीक आणि मग एकदम बिघाड, हा तुमचा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो.

तेव्हा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी करायचा: मिश्रणातला ओलावा वजनाने ५० ते ६० टक्क्यांत ठेवायचा आणि फटी मोकळ्या राखायच्या. हे काम सुका माल करतो. सुका माल म्हणजे लाकडाचा भुसा, चुरलेला पालापाचोळा, कोकोपीट, फाडलेला पुठ्ठा, अंड्यांचे कागदी ट्रे. बहुतेक लोक यातलं काहीतरी घालतात, पण मीठ पेरल्यासारखं, मूठभर. ते पुरत नाही. किती लागतं ते एकदा हिशेबाने बघू.

दोघांच्या घरात दिवसाला साधारण ५०० ग्रॅम ओला कचरा निघतो असं धरा. त्यात ४२५ ग्रॅम पाणी आणि ७५ ग्रॅम घन भाग. सुक्या भुशातही शेकडा बारा भाग ओल असतेच. ती धरून मिश्रण ६० टक्क्यांवर आणायचं तर सुमारे २६० ग्रॅम भुसा लागेल, म्हणजे कचऱ्याच्या निम्म्याहून जास्त वजनाचा. रोज एवढा भुसा घातला तर बादली भुशानेच भरेल. पण तोच कचरा टाकण्याआधी एक दिवस ताटात पसरून ठेवला आणि त्यातलं फक्त १०० ग्रॅम पाणी उडून गेलं, तर लागणारा भुसा १८० ग्रॅमवर येतो. जवळजवळ एक तृतीयांश बचत, तीही काही विकत न आणता. म्हणून साली थेट बादलीत टाकायच्या नाहीत. चाळणीत निथळायच्या, मग ताटात कागदावर पातळ पसरून वर बारीक विणीचं कापड झाकून पंख्याच्या वाऱ्यावर दिवसभर सुकू द्यायच्या. कापड विसरू नका, नाहीतर चिलटं तिथेच अंडी घालतील. जागा अगदीच नसेल तर ही पायरी सोडता येते, पण मग सुका माल वाढवावाच लागतो, यात पळवाट नाही.

वजनकाटा रोज काढायचीही गरज नाही. हलका कोरडा भुसा लिटरभर घेतला तर तो १५० ते २०० ग्रॅम भरतो, आणि ५०० ग्रॅम चिरलेला कचरा मापाने लिटरभर होतो. म्हणजे एक वाटी सुकवलेल्या कचऱ्याला एक वाटी सुका माल, आणि कचरा सुकवलेला नसेल तर दीड वाटी. पालापाचोळा किंवा पुठ्ठा भुशापेक्षा बराच हलका असतो, त्यामुळे नुसता तोच वापरणार असाल तर दोन वाट्या. बादलीच्या भोकांतून थोडं पाणी उडत राहतं, तेवढी सूट आपल्या बाजूने.

सुक्या मालातही फरक आहे. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतं, पण ते बारीक असल्यामुळे ओलं झालं की दबून बसतं. पालापाचोळा आणि पुठ्ठा उलट, पाणी कमी धरतात पण फटी राखतात. म्हणून निम्मं हे, निम्मं ते असं मिश्रण सगळ्यात चांगलं चालतं. कोकोपीटची वीट आणली तर ती पाण्यात भिजवून फुलवायची नाही, हा सगळ्यांचा हात हमखास जिथे चुकतो तो मुद्दा. पाकिटावर भिजवायलाच सांगितलेलं असतं, पण ते कुंड्यांसाठी. आपल्याला कोकोपीट तहानलेलं हवं आहे, तेव्हा वीट कोरडीच फोडा किंवा किसा. भुसा प्लायवूडचा किंवा रंग, पॉलिश लावलेल्या लाकडाचा नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात. चकचकीत छापील पुठ्ठाही नको.

आता भांडं. झाकणाची २० लिटरची बादली दोघांना पुरते, फक्त अशा दोन लागतील. कडेला तळापासून वरपर्यंत पाच-पाच सेंटिमीटरवर ६ मिलिमीटरची भोकं पाडा, तळाला आठ-दहा. भोकांवर आतून कापड चिकटवायचं, आणि इथे एक बारकावा आहे: खिडकीला लावतो त्या जाळीतून लहान चिलटं आत शिरू शकतात. डोळ्यांसमोर धरलं तर भोकं दिसणार नाहीत इतकं दाट, पण फुंकर मारली तर हवा आरपार जाईल असं कापड हवं. जुना पातळ नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा दुपट्टा उत्तम. सुती कापड मात्र बादलीत स्वतःच कुजतं. बादली दोन विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, खाली ताट. तळाशी चार बोटं जाडीचा थर अंड्यांच्या ट्रेचे तुकडे आणि बारीक काटक्यांचा, त्यावर दोन-तीन मुठी तयार खत किंवा झाडाखालची माती. हेच विरजण. विकतची पूड घातली तर बिघडत काही नाही, पण तिच्यावाचून अडतही नाही, आणि ओल जास्त असेल तर कुठलंही विरजण वाचवू शकत नाही. जागा सावलीची हवी. खिडकीतलं थेट ऊन एवढ्याशा बादलीला एका बाजूने भाजून काढतं.

रोजचं काम पाच मिनिटांचं. सुकवलेल्या साली आणि देठं दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून घ्या. मिक्सरमधून मात्र काढू नका. लवकर कुजेल म्हणून लोक लगदा करतात आणि लगद्यात फट नावाला उरत नाही. चहा-कॉफीचा चोथा घट्ट पिळून घ्या. हे सगळं आणि सुका माल एका जुन्या पातेल्यात आधी हाताने कालवा, इतकं की प्रत्येक तुकड्याला कोरडी पूड लागलेली दिसली पाहिजे. कचरा खाली आणि भुसा वर असे थर बादलीत रचले तर ओला थर ओलाच राहतो, भुसा कोरडाच राहतो आणि वास मधल्या थरातून येतो. कालवलेलं मिश्रण बादलीत टाका आणि वर तीन-चार सेंटिमीटर निव्वळ कोरड्या मालाचं पांघरूण घाला. दुसऱ्या दिवशी ते पांघरूण बाजूला सारायचं, नवं मिश्रण घालायचं आणि तेच पुन्हा ओढून घ्यायचं. बादलीच्या तोंडावर कापड ताणून रबर लावा, वर झाकण नुसतं टेकवा, दाबून बसवू नका.

दर तिसऱ्या दिवशी खुरप्याने तळाचं वर, वरचं खाली करा. खालवर करताना मधल्या भागातली एक मूठ घेऊन जोरात दाबा. बोटांच्या बेचक्यात एखाद-दुसरा थेंब दिसला आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकून बोटाने टोचल्यावर सुटला, तर ओलावा बरोबर. पाण्याची धार लागली तर त्याच वेळी दोन-तीन वाट्या सुका माल घालून कालवा, उद्यावर ढकलू नका, कारण वास यायला साधारण दोन दिवस असतात. गोळा होतच नसेल तर शिंपडा मारा. मुंग्या लागल्या तर तेही बहुधा कोरडेपणाचंच लक्षण.

इतक्या सुक्या मालाने कुजण्याचा वेग थोडा कमी होतो हे खरं आहे. पुस्तकी हिशेबात कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण तिसास एक असावं असं असतं. भुशाच्या बळावर आपण त्याच्या पुढे जातो. मोकळ्या अंगणात मी हे प्रमाण सांगितलं नसतं. पण घरात, जिथे बादलीपासून चार पावलांवर माणसं जेवायला बसतात, तिथे दोन आठवडे उशीर परवडतो, वास परवडत नाही.

चिलटांकडे वळू. फळांवर घोंघावणारी ही बारीक तपकिरी चिलटं बादलीत बाहेरून येतात त्यापेक्षा जास्त वेळा आपणच त्यांना आत घालतो. मादी पिकलेल्या फळाच्या सालीवर अंडी घालते, साल कचऱ्यात जाते, आणि पंचवीस अंश तापमानात आठ-दहा दिवसांत अंड्याचं चिलट होऊन बाहेर पडतं. तुम्हाला ‘आठ-दहा दिवसांत चिलटं झाली’ त्यामागचं गणित बहुधा हेच. म्हणून केळं, आंबा, पेरू अशा गोड फळांच्या साली दोन दिवस फ्रीझरमध्ये डब्यात ठेवून मग बादलीत घाला, अंडी मरतात. फ्रीझरमध्ये जागा नसेल तर सालींवर कढत पाणी ओता, मिनिटभराने निथळून नीट सुकवा. वरचं कोरडं पांघरूण दुसरं संरक्षण: बाहेरून आलेल्या मादीला अंडी घालायला ओली, आंबलेली जागाच सापडत नाही.

एकदा चिलटं झालीच, तर बादली फेकायची गरज नाही, उपाशी ठेवायची. बारा दिवस तिच्यात काहीही नवं घालू नका, पांघरूण पाच-सहा सेंटिमीटरचं करा, कापड घट्ट बांधा आणि अजिबात खालवर करू नका. आतली पिढी बाहेर येऊन मरते, पुढची जन्मत नाही. त्या बारा दिवसांचा कचरा दुसऱ्या बादलीत, अर्थात गोठवून किंवा कढत पाण्यातून काढूनच. व्हिनेगरच्या वाटीत साबणाचा थेंब घालून सापळा लावला तर उडणारी चिलटं मरतील, पण अळ्या बादलीत शाबूत राहतात. सापळ्याचा खरा उपयोग मोजणीला: रोज पडणाऱ्यांची संख्या घटत गेली की समजा उपाशी ठेवण्याचा परिणाम होतो आहे.

काळसर, लांब पायांची, डासासारखी दिसणारी आणि बादलीच्या काठावर रेंगाळणारी चिलटं वेगळी. त्यांच्या अळ्या ओलसर मालावरच्या बुरशीवर जगतात. ती दिसली म्हणजे पांघरूण ओलं झालं आहे. ते आत कालवून टाका आणि नवं कोरडं घाला, एवढं बहुधा पुरतं. पांढरी कापसासारखी बुरशी, टिंबाएवढे पांढरे उड्या मारणारे जीव, मंद चालणारे बारीक किडे, यांच्या वाटेला जाऊ नका. ती कामगार मंडळी आहेत आणि बादली सोडून घरात फिरत नाहीत. दीड-दोन सेंटिमीटर लांब, जाड, करड्या-तपकिरी अळ्या दिसल्या तर त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या. त्या निरुपद्रवी असतात आणि कचरा भराभर खातात, पण त्या आल्या याचा अर्थ मोठी माशी आत शिरण्याइतकी फट कुठेतरी आहे आणि माल फार ओला आहे. आधी फट शोधा.

वास आलाच तर तो कसला आहे ते नाकाने आधी ओळखा. आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा असेल तर प्राणवायू संपला आहे. झोंबणारा, डोळ्यांत जाणारा असेल तर तो अमोनिया, म्हणजे चोथा किंवा हिरवा पाला भरपूर आणि सुका माल कमी; पुठ्ठा, भुसा घालून कालवलं की तो एक-दोन दिवसांत उतरतो. आंबूस वासावर चुना किंवा राख टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. ते करू नका. आम्लता मोडते खरी, पण माल अल्कधर्मी झाला की त्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन उडायला लागतो. एक वास जाऊन दुसरा येतो, आणि खतातला नायट्रोजनही जातो.

तुमच्या आताच्या बादलीसारखी, तळाशी काळं पाणी साचलेली बादली सुधारायची तर खिडकी उघडून जुने कागद पसरा आणि सगळा माल त्यावर ओता. तळातले गच्च गोळे हाताने फोडा. सगळा वास त्या गोळ्यांच्या आत असतो. मालाच्या निम्म्या मापाचा सुका माल घालून कालवा, मूठ दाबून बघा, लागला तर आणखी घाला. पसरलेलं तसंच तासभर हवेला राहू द्या. तोवर तळाची भोकं बुजलेली असतील ती काडीने मोकळी करा, काटक्यांचा थर नव्याने घाला आणि माल परत भरून वर दोन मुठी तयार खत किंवा माती पसरा. तयार खत दुर्गंधीचे वायू धरून ठेवतं आणि त्यातले जिवाणू ते पचवतातही. कालवताना वास भडकेल, मग दोन-तीन दिवसांत जाईल. नाही गेला तर आत एखादा गोळा राहिला आहे. साचलेलं काळं पाणी द्रवखत म्हणून कुंडीत घालू नका. ते प्राणवायूविना सडलेलं पाणी आहे, मुळांना त्रास होतो. संडासात ओता. पुढे ताटात पाणी दिसलं की ते खत नव्हे, तक्रार समजायची.

शिजवलेलं अन्न घालायचं की नाही? दिवसाला एखादी मूठ, रस्सा निथळून आणि मसाला-तेल कमी असेल तर चालतं. तेल तुकड्यांभोवती थर धरतं आणि मीठ खतात साठत जातं, म्हणून मूठभराच्या पुढे नको. मांस, मासे, दूध-दही या बादलीत अजिबात नको. त्याचं कारण असं की २० लिटरचा माल तापत नाही. मोठा ढीग आतून साठ अंशांपर्यंत जातो. बादलीची उष्णता कडांतून निसटते आणि आतला माल खोलीपेक्षा जेमतेम काही अंश गरम होतो. त्यामुळे टोमॅटो-भोपळ्याच्या बियाही मरत नाहीत, पुढे कुंडीत उगवतात. रोगट झाडाची पानंही याच कारणाने बाहेर ठेवा.

कुजता कुजता माल खाली बसत जातो, त्यामुळे रोज भर घालूनही बादली भरायला काही आठवडे लागतात. भरली की शेवटचं पांघरूण घालून बाजूला ठेवा आणि दुसरी सुरू करा. पहिलीला आता फक्त आठवड्यातून एकदा खालवर करणं आणि मुठीची परीक्षा. दुसरी भरेपर्यंत पहिलीतला माल काळसर, भुसभुशीत झालेला असतो, पण पुरता मुरलेला नसतो. त्याला आणखी तीन-चार आठवडे हवेत. तिसरी बादली घेऊ नका. या टप्प्यावर वासाची भीती उरलेली नसते, एखाद्या विणलेल्या पिशवीत किंवा जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून कोपऱ्यात ठेवलं तरी चालतं.

तयार झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका. ओलसर मूठभर माल प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि तीन दिवसांनी उघडून वास घ्या. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा आला तर खत झालं. आंबूस आला तर पिशवीतला प्राणवायू संपवण्याइतकं काम आत अजून चालू आहे, दोन आठवडे थांबा. तयार खत चाळून एक भाग खताला तीन-चार भाग माती या मापाने कुंडीत मिसळा. चाळणीवर उरलेल्या काटक्या, पुठ्ठ्याचे तुकडे आणि जाड भुसा टाकू नका. तो माल उन्हात किंवा पंख्याखाली वाळवा आणि पुढच्या बादलीत सुक्या मालाच्या निम्म्या जागी वापरा. विरजण त्यातच आलेलं असतं, आणि नवा भुसा निम्माच आणावा लागतो.